कॅपच्या पहिल्या फेरीत चौथा पर्याय लागला: आता परिपत्रक कसं वाचायचं?

प्रश्न: आम्ही बार्शीचे. मुलीची अकरावी-बारावी लातूरला झाली. ओबीसीतून अर्ज आहे. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, पहिल्या फेरीत तिला चौथ्या नंबरचा पर्याय लागलाय. सीईटी सेलचं परिपत्रक दोनदा वाचलं, पण नीट उमगत नाही. हजार रुपये भरले की प्रवेश पक्का होतो का? बेटरमेंट घेतलं तर हातातली जागा जाईल का? कागदपत्रं एकदा तपासून झाली, मग पुन्हा पडताळणी कसली? आणि आम्ही सोलापूर जिल्ह्यातले असताना तिच्या अर्जात होम युनिव्हर्सिटी नांदेड का दाखवतात?

उत्तर:

हजार रुपयांनी प्रवेश पक्का होत नाही, जागा तुमच्या नावावर राहते एवढंच. बेटरमेंट म्हणजे लागलेली जागा धरून ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी थांबणं. ते घेतल्याने हातातली जागा जात नाही. ती जाते पुढच्या फेरीत नवी जागा लागली तर. आणि नांदेड बरोबर आहे. आता यातलं एकेक सविस्तर बघू. मी २०२५-२६ च्या नियमांना धरून सांगतो आहे. २०२४-२५ मध्ये तीन फेऱ्या होत्या, २०२५-२६ मध्ये चार झाल्या, म्हणजे नियम दरवर्षी हलतात. त्यामुळे शेजारच्या दादाने गेल्या वर्षी काय केलं होतं, यावर जाऊ नका.

परिपत्रकात बहुतेक पालक फक्त तारखा बघतात. वेळापत्रकाचा तक्ता मोबाइलवर मोठा करून तारखांचा स्क्रीनशॉट काढतात आणि खालच्या टिपा सोडून देतात. प्रत्यक्षात तारखेइतकंच महत्त्व त्या ओळीत काम कोणाच्या नावावर टाकलंय याला असतं. काही कामं उमेदवाराने स्वतःच्या लॉगिनमधून करायची असतात, काही सुविधा केंद्राने, काही कॉलेजने आणि काही सेलने. गुणवत्ता यादी लावणं, रिक्त जागा दाखवणं, जागावाटप जाहीर करणं ही सेलची कामं. तिथे तुम्ही फक्त वाट बघायची. ज्या ओळीत 'उमेदवाराच्या लॉगिनमधून' असं लिहिलंय ती तुमची. ते काम कॉलेज करत नाही, सायबर कॅफेवालाही आपणहून करत नाही. तक्त्याची प्रिंट काढा आणि तुमच्या ओळींवर पेनाने खूण करा. एकेका फेरीत अशा दोन-तीन ओळीच निघतात. मग त्याच ओळींसाठी खालच्या टिपांमध्ये 'न केल्यास' किंवा 'अन्यथा' कुठे आलंय ते शोधा. काय गमवावं लागेल ते तिथेच लिहिलेलं असतं. शेवटच्या दिवसाची वेळही बघा. ती बऱ्याचदा कार्यालयीन वेळेच्या आत संपते.

आता होम युनिव्हर्सिटी. महाराष्ट्रातल्या उमेदवारांचे प्रकार 'ए'पासून 'ई'पर्यंत आहेत. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, शिवाय राज्याचा अधिवास किंवा राज्यात जन्म, असं असेल तर टाइप ए. तुमची मुलगी यात बसते. टाइप एच्या मुलांची होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून झाली त्यावर ठरते. घर कुठे आहे, रेशनकार्ड कुठलं आहे, याचा संबंध नाही. लातूर हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या, म्हणजे नांदेडच्या कार्यक्षेत्रात येतं; नांदेड, परभणी आणि हिंगोली हे बाकीचे तीन जिल्हे. बारावी बार्शीतच झाली असती तर सोलापूर विद्यापीठ लागलं असतं. लातूरला शिकायला गेलेल्या बाहेरच्या जिल्ह्यातल्या शेकडो मुलांच्या बाबतीत हेच होतं आणि दरवर्षी निम्म्या पालकांना ते मेरिट लागल्यावर कळतं.

याचा परिणाम जागांवर होतो. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत, राज्य पातळीवरच्या जागा वगळता, ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. म्हणजे लातूर-नांदेडच्या कॉलेजात तुमची मुलगी ७० टक्क्यांच्या गटात आहे आणि घराजवळच्या सोलापूरच्या कॉलेजात ३० टक्क्यांच्या. गेल्या वर्षीचे कटऑफ बघताना हे ध्यानात ठेवा. कटऑफच्या तक्त्यात जागांचे संकेत असतात: `GOBCH`, `LOBCH`, `LOPENO`, `GOPENS` असे. पहिलं अक्षर `G` म्हणजे सर्वसाधारण, `L` म्हणजे मुलींसाठी राखीव, मध्ये प्रवर्ग, शेवटचं `H` म्हणजे होम, `O` म्हणजे होमबाहेरची आणि `S` म्हणजे राज्य पातळीवरची जागा. सोलापूरच्या कॉलेजचा `LOBCH` बघून आशा धरली तर हिशेब चुकणार. तुम्ही बघायचा तो `LOBCO`, किंवा खुल्यातला `LOPENO`. तो बहुतेक वेळा वर असतो, कारण जागाच कमी.

गुणवत्ता यादीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पडताळणी समजायची तर ती आधी समजली पाहिजे. यादी दोनदा लागते, आधी तात्पुरती, मग अंतिम. या दोन्हींच्या मध्ये हरकतीचे जे मोजके दिवस असतात त्यांचं मोल लोकांना कळत नाही. तात्पुरती यादी लागली की सगळे मेरिट नंबर बघतात आणि नातेवाइकांना फोन करतात. त्या नंबरात तुम्हाला बदल करता येत नाही. बदल करता येतो तो त्याच ओळीतल्या बाकीच्या गोष्टींत: प्रवर्ग, उमेदवारीचा प्रकार, होम युनिव्हर्सिटी, लिंग, बारावीचे गुण, टीएफडब्ल्यूएस या शिक्षण शुल्क माफीच्या योजनेसाठी पात्र आहे की नाही. ओबीसीऐवजी `OPEN` छापलं असेल तर ते याच दिवसांत बोलायचं, लॉगिनमधून हरकत नोंदवून, पुराव्याचा कागद जोडून. अंतिम यादी लागल्यावर सुविधा केंद्रातल्या सरांच्या हातात काही राहत नाही. ते कितीही ओळखीचे असोत.

पडताळणी एकदाच होते असं तुम्ही धरलंय, ते तसं नाही. ती तीन ठिकाणी होते आणि तिन्ही ठिकाणी वेगळा माणूस वेगळी गोष्ट बघतो.

पहिली अर्जाच्या वेळची. ई-स्क्रुटिनी घेतली असेल तर घरबसल्या कागद चढवायचे आणि केंद्रातला अधिकारी ते स्क्रीनवर तपासतो. प्रत्यक्ष स्क्रुटिनी घेतली तर वेळ घेऊन केंद्रावर जायचं. ई-स्क्रुटिनीत एक खोच आहे. कागद अस्पष्ट असेल किंवा माहिती जुळत नसेल तर अर्ज नाकारला जात नाही, तो परत पाठवला जातो, आणि त्याचा शेरा लॉगिनमध्ये दिसतो. मेसेज आला नाही, आला तर बघितला नाही, असं होतं आणि अर्ज तसाच पडून राहतो. परिपत्रकात म्हणूनच दोन वेगळ्या शेवटच्या तारखा असतात, एक नोंदणीची आणि एक पडताळणी होऊन अर्ज कायम होण्याची. दुसरी तारीख उलटली की तो अर्ज फक्त बिगर-कॅप जागांसाठी धरला जातो. तुमचा अर्ज मेरिटमध्ये आला, म्हणजे हा टप्पा पार पडलाय.

दुसरी पडताळणी तुम्ही स्वतः करायची, आणि ती आत्ता तुमच्यासमोर आहे. जागा लागल्यावर लॉगिन उघडलं की 'सेल्फ व्हेरिफिकेशन'चं पान येतं. त्यात अर्जात केलेले सगळे दावे एकाखाली एक दिसतात: गुण, प्रवर्ग, लिंग, उमेदवारीचा प्रकार, जे जे आरक्षण मागितलं ते. प्रत्येकासमोर हे बरोबर आहे म्हणून तुम्ही मान्यता द्यायची असते. लोक घाईघाईने टिक मारत ओटीपी टाकून मोकळे होतात. ते करू नका. मुलीला शेजारी बसवा, तिचे मूळ कागद टेबलावर ठेवा आणि एकेक ओळ कागदाशी ताडून बघा. इथे चूक दिसली तर ती तुम्ही दाखवून द्यायची. तुम्ही मान्य केलेला दावा नंतर कॉलेजात खोटा ठरला तर जागा रद्द होते आणि तेव्हा 'सायबरवाल्याने भरलं होतं' हे कोणी ऐकत नाही.

तिसरी कॉलेजातली, मूळ कागदांवरची. ओबीसीतून जागा असेल तर ती तीन कागदांवर उभी असते: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेयर. तिन्ही मुलीच्या नावाचे हवेत, वडिलांचे नव्हे. नॉन-क्रीमी लेयरच्या खाली वैधतेची तारीख छापलेली असते. २०२५-२६ च्या प्रवेशाला ती ३१ मार्च २०२६ पर्यंतची हवी. मार्च २०२५ ला संपलेला दाखला जोडून दिलेले अर्ज मी दरवर्षीप्रमाणे याही वर्षी पाहिले, आणि ते भरणारे काही अडाणी नव्हते. दाखला तीन वर्षांचा आहे म्हणून निर्धास्त होते. वैधतेसाठी समितीकडे अर्ज केल्याची पोच जोडली असेल तर ती सवलत तेवढ्यापुरती आहे. मूळ प्रमाणपत्र द्यायची शेवटची तारीख परिपत्रकात वेगळी दिलेली असते. ती चुकली तर राखीव जागा जाते आणि मुलीला उरलेल्या फेऱ्यांत खुल्या प्रवर्गातून धरलं जातं. तुमच्याकडे पोच असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून समितीच्या कार्यालयात जा.

आता जागा स्वीकारणं. २०२५-२६ च्या नियमात आपोआप गोठणारे पर्याय फेरीगणिक वाढत जातात. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो आपोआप फ्रीज होतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही लागला तरी फ्रीज. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही. चौथ्या फेरीत जे लागेल ते अखेरचं. आपोआप फ्रीज झालेली जागा घ्यावीच लागते. आवडली नाही म्हणून सोडली तर पुढच्या फेऱ्यांमध्ये भाग घेता येत नाही. तुमच्या मुलीला पहिल्या फेरीत चौथा पर्याय लागलाय, म्हणजे तिच्यावर ही सक्ती आज नाही. तिच्यापुढे तीन वाटा आहेत.

जागा पसंत असेल तर ती स्वतःहून फ्रीज करायची, हजार रुपये भरायचे आणि दिलेल्या मुदतीत कॉलेजात जाऊन मूळ कागद, फी देऊन प्रवेश घ्यायचा. याहून वरचं काहीतरी मिळावं असं वाटत असेल तर बेटरमेंट: जागा स्वीकारायची, हजार भरायचे, कॉलेजात आत्ता जायचं नाही, आणि दुसऱ्या फेरीचा पर्याय अर्ज भरायचा. तिसरी वाट म्हणजे काहीच न करणं. मग जागा सुटते आणि दुसऱ्या फेरीत रिकाम्या हाताने उतरावं लागतं. ही वाट निवडायला एकही चांगलं कारण मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. हजार रुपये वाचवायचे म्हणून तर अजिबात नको. ते एकदाच भरायचे असतात, पुढच्या फेरीत जागा बदलली तरी पुन्हा नाही.

पैसे भरताना खात्यातून गेले आणि लॉगिनमध्ये आले नाहीत, असं शेवटच्या तासात खूप होतं. बँकेचा मेसेज हा पुरावा नव्हे. लॉगिनमध्ये स्थिती बदललेली दिसली आणि जागा स्वीकृतीची पावती डाउनलोड झाली, तरच काम झालं. म्हणून मुदतीच्या आदल्या दिवशीच भरा.

बेटरमेंटचं गणित तुमच्याच उदाहरणावर मांडतो. समजा लागलेली चौथी जागा लातूरच्या एका कॉलेजातली इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन आहे, आणि वरचे तीन पर्याय पुण्यातले कॉम्प्युटरचे होते. दुसऱ्या फेरीत पर्याय अर्ज नव्याने भरायचा असतो आणि 'पहिले तीन' हे या नव्या अर्जातले. इथेच घोळ होतो. वडील म्हणतात, पुणे काही लागत नाही, लातूरचंच कॉम्प्युटर वर टाक, निदान ते तरी मिळेल. आणि 'असू दे' म्हणून खाली सोलापूरचं मेकॅनिकलही टाकतात. आता वर काही लागलं नाही आणि सोलापूरचं मेकॅनिकल लागलं, तर लातूरची जागा आपोआप सुटली. ती परत मिळत नाही. बेटरमेंट घेतलेल्याने नव्या अर्जात हातातल्या जागेपेक्षा खरोखर जास्त हवे असलेलेच पर्याय टाकायचे, एकही जास्तीचा नाही. त्यातलं काहीच लागलं नाही तर लातूरची जागा जागेवर राहते. भीती तिथे नाही.

क्रमाबद्दलचा गैरसमज तर फार खोल गेलेला आहे. अवघड पर्याय वर टाकले तर खालच्यांची संधी कमी होते असं मानतात. तसं होत नाही. संगणक मेरिट नंबराप्रमाणे एकेक मुलगा घेतो, त्याच्या यादीत वरून खाली येतो आणि जिथे जागा शिल्लक दिसते तिथे थांबतो. पहिले तीन पर्याय लागले नाहीत म्हणून चौथ्यावर तिचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तिच्यापेक्षा खालच्या मेरिटच्या मुलाने तोच पर्याय पहिला टाकला असला तरी नाही. म्हणून मनातला क्रमच कागदावर उतरवा. यातूनच एक रीत निघते, आणि ती नियमाला धरून आहे. लातूरचं कॉम्प्युटर मुलीला इ अँड टीसीपेक्षा बरं वाटतं, पण पुण्याची आशा तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत सोडायची नाही, असं असेल तर पुण्यातले तीन पर्याय वर ठेवा आणि लातूरचं कॉम्प्युटर चौथं. ते दुसऱ्या फेरीत लागलं तर आपोआप फ्रीज होणार नाही, ते हातात धरून पुन्हा बेटरमेंट घेता येईल. तेच दुसऱ्या नंबरला टाकलं असतं तर तिथेच खेळ संपला असता. अट एवढीच की वर ठेवलेल्या तिघांपैकी कोणताही लागला तर हसत जायची तयारी हवी. नुसते जागा अडवायला टाकलेले पर्याय कधीकधी लागतात, कारण दुसऱ्या फेरीत वरची मुलं सरकलेली असतात.

तिसऱ्या फेरीत हीच रेषा सहावर जाते, त्यामुळे तिथे ही सोय जवळपास संपते. तोवर पाच-सहा पर्यायच उरलेले असतील तर जे लागेल ते घ्यायचंच, असं धरून चाला.

फ्रीज केल्यावर, मग ते स्वतःहून असो की आपोआप, कॉलेजात जाण्याची ओळ तक्त्यात वेगळी असते आणि तिची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते. तिथे मूळ कागद आणि फी दिल्यावर कॉलेजने तुमचा प्रवेश पोर्टलवर नोंदवायचा असतो. कॉलेजची छापील फी पावती मिळाली की लोक घरी निघतात. थांबा. पोर्टलवरून निघालेली प्रवेश निश्चितीची पावती मागा, आणि तिथेच मोबाइलवर मुलीचं लॉगिन उघडून बघा. मुदतीत पोर्टलवर नोंद झाली नाही तर ती जागा पुढच्या फेरीत रिकामी दिसते. गर्दीच्या दिवशी क्लार्ककडून दहा अर्ज 'उद्या चढवतो' म्हणून राहतात, आणि उद्या मुदत संपलेली असते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण पैशाची आहे म्हणून सांगतो. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला असला तरच. एखादं कॉलेज 'व्यवस्थापन कोट्यातून आत्ताच कॉम्प्युटर देतो' म्हणून फोन करत असेल, आणि या आठवड्यात ते करतीलच, तर त्या जागेला ही माफी नाही, हे फोनवरचा माणूस आपणहून सांगत नाही. चार वर्षांची फी मांडून बघा आणि मग लातूरच्या जागेशी तुलना करा. उत्पन्नाचा दाखला या वर्षीचा काढलेला नसेल तर सेतू केंद्रात अर्ज आजच टाका. फेरी दोनच्या गडबडीत ते राहून जातं.